मिठाईच्या दुकानाचे बिल आणि डेव्हलपरला द्यायचे टिपण

ऑर्डर नोंदवण्यासाठी आणि बिल करण्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर बनवून घेताना दुकानदार डेव्हलपरला एक टिपण देतो. त्यात सॉफ्टवेअर कसे दिसावे हे फारसे लागत नाही. दुकानात काय घडते, कोणत्या क्रमाने घडते आणि कुठे अडते, ते मात्र पुरते लागते. बटणे आणि रंग डेव्हलपर ठरवू शकतो. दिवाळीच्या ऑर्डरीचे अर्धे खोके आज आणि अर्धे परवा जातात, हे त्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरातले, जीएसटी नोंदणी असलेले, दोन काउंटरचे मिठाई-फरसाणाचे दुकान घेतले, तर या टिपणात काय काय यायला हवे ते नीट दिसते.

सर्वांत आधी ऑर्डर आणि बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लिहावे लागते. ऑर्डर म्हणजे शब्द: अमुक माल, अमुक दिवशी, अमुक भावाने. बिल माल हातात देताना होते. मधल्या काळात गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देते, खोके वाढवते, काजूकतली काढून बर्फी घालते, क्वचित ऑर्डर रद्दही करते. ऑर्डर घेतानाच बिल तयार करणारे सॉफ्टवेअर अशा प्रत्येक बदलाला बिलात खाडाखोड करायला लावते. म्हणून टिपणात स्पष्ट हवे की ऑर्डर घेताना फक्त ऑर्डरचिठ्ठी आणि आगाऊ रकमेची पावती निघेल. एका ऑर्डरीचा माल दोन खेपांत गेला तर दोन बिले होतील. आगाऊ रक्कम पहिल्या बिलातून वळती होईल आणि काही उरली तर दुसऱ्यातून.

या वेगळेपणाला कायद्याचीही बाजू आहे. नेहमीच्या पद्धतीने कर भरणाऱ्या दुकानदाराला मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागत नाही. कर बिलाच्या वेळी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अनेक वस्तूंचे दर बदलले आणि पाकीटबंद, लेबल लावलेल्या फरसाणावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा, १५ सप्टेंबरला २४ पाकिटांची ऑर्डर आली, करापूर्वीचा भाव पाकिटाला १५० रुपये आणि आगाऊ २,००० रुपये. त्या दिवशीच्या हिशोबाने ३,६०० रुपयांवर ४३२ रुपये कर, म्हणजे एकूण ४,०३२. माल २८ तारखेला गेला आणि बिलही त्याच दिवशी झाले, तर कर १८० रुपये, एकूण ३,७८० आणि येणे बाकी १,७८०. ऑर्डरीच्या वेळचाच दर धरून ठेवणारे सॉफ्टवेअर २,०३२ मागेल, म्हणजे गिऱ्हाइकाकडून २५२ रुपये जास्त घेईल. त्यामुळे कराचा दर प्रोग्रामच्या आत कोरलेला चालत नाही. प्रत्येक वस्तूसमोर दर आणि तो लागू झाल्याची तारीख असावी, बिलाच्या तारखेला चालू असलेला दर आपोआप लागावा आणि जुने बिल पुन्हा छापले तर त्यावर जुनाच दर यावा. टिपणात या तिन्ही अटी लिहायच्या असतात.

मिठाईच्या दुकानात खरी कसोटी वजनाची आहे. मिठाई निव्वळ वजनावर विकायची असते. खोक्याचे वजन मालात धरता येत नाही. खोका ६० ग्रॅमचा आणि काजूकतली ११०० रुपये किलो असेल, तर खोक्यासह तोलल्याने गिऱ्हाइकाचे ६६ रुपये जातात. म्हणून प्रत्येक आकाराच्या खोक्याचे वजन आधी नोंदवलेले असावे आणि ते वजा करूनच रक्कम निघावी. काटा संगणकाला जोडायचा असेल, तर त्याचा नेमका मॉडेल आणि जोडणीचा प्रकार टिपणात द्यावा लागतो. ‘काटा जोडणे’ एवढेच लिहिले, तर हे काम डेव्हलपरच्या अंदाजपत्रकाबाहेर राहते आणि वाद तिथूनच सुरू होतो.

पैशांचा हिशोब त्याहून नाजूक. काउंटरवरचे भाव करासह असतात, त्यामुळे बिलावर रकमेतून कर उलटा काढावा लागतो. ३५० ग्रॅम काजूकतलीचे ३८५ रुपये झाले. ५ टक्के कर धरून मूळ किंमत ३६६.६७ येते. केंद्र आणि राज्य यांचे अडीच-अडीच टक्के प्रत्येकी ९.१७ होतात. तिन्ही आकडे जोडले, तर बेरीज ३८५.०१. एक पैसा कुठून आला, याचे उत्तर काउंटरवरच्या माणसाकडे नसते आणि महिनाअखेरीला ताळा जुळत नाही. टिपणात नियम असा बांधून द्यावा: आधी कराचे दोन्ही भाग काढून पैशापर्यंत पूर्ण करायचे आणि ते ३८५ मधून वजा करून मूळ किंमत ठरवायची, म्हणजे ती ३६६.६६ येईल आणि बेरीज तंतोतंत जुळेल. अशी पाच-सहा सोडवलेली उदाहरणे जोडली, तर पानभर वर्णनापेक्षा डेव्हलपरला त्यांचा उपयोग जास्त होतो. रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकातच साठवावे, हेही लिहून टाकलेले बरे.

बिलाचा क्रमांक सलग असावा लागतो, आर्थिक वर्षात एकदाच यावा लागतो आणि १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. दोन काउंटर आहेत आणि इंटरनेट गेले तरी विक्री थांबत नाही, म्हणून एकच मालिका ठेवली तर दोन्हीकडे तोच क्रमांक पडण्याची भीती असते. प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका, उदाहरणार्थ `A/25-26/00412`, हा त्यावरचा साधा उपाय आहे. बिल पुसण्याची सोय कुणालाच, मालकालाही, नसावी. माल परत आला तर मूळ बिलाचा उल्लेख असलेली क्रेडिट नोट निघावी. भाव बदलणे आणि सवलत देणे कुणाच्या हातात, तेही इथेच ठरते. बिलावर जीएसटी क्रमांकासोबत अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक लागतो. तो राहून जाण्याचे प्रमाण बरेच असते.

काय नको, याचाही एक परिच्छेद हवा. कारखान्यातल्या कच्च्या मालाचा साठा, कामगारांचे पगार, घरपोच सेवा या गोष्टी पहिल्या टप्प्यात नसतील, तर तसे नोंदवावे. नाहीतर ‘हे तर गृहीतच होते’ असे दुकानदार म्हणतो आणि ‘हे ठरलेच नव्हते’ असे डेव्हलपर.

काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे, तेही टिपणातच ठरते. एका गर्दीच्या दिवसाची जुनी बिले नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा भरून गल्ल्याची बेरीज जुळवणे, मधेच इंटरनेट काढून बिल करणे, दोन खेपांची ऑर्डर आगाऊ रकमेसह पार पाडणे, एक बिल परत घेणे, या परीक्षा उतरल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. दिवाळीच्या तोंडावर हे सुरू करणे धोक्याचे. निदान एक छोटा सण आधी त्यावर काढलेला असावा.

शेवटचा मुद्दा मालकीचा, आणि तो बहुतेक टिपणांत नसतोच. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळे ठरले नसेल तर, मालकाचा होतो. स्वतंत्र डेव्हलपरने लिहिलेला प्रोग्राम मात्र, पैसे चुकते झाले तरी, लेखी हस्तांतराशिवाय त्याचाच राहतो. त्या हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून हक्क कायमचे मिळणार की फक्त वापराची परवानगी, मूळ कोड कुठे ठेवला जाणार, सर्व्हरचे खाते कुणाच्या नावावर आणि सगळी बिले एक्सेलमध्ये केव्हाही काढून घेता येतील का, या चार प्रश्नांची उत्तरे काम सुरू होण्यापूर्वी दोघांच्या सहीनिशी कागदावर यावी लागतात.