नऊ लाख वीस हजारांचा फरक

समजा, विजेच्या सामानाच्या एका दुकानदाराला जीएसटीची ‘एएसएमटी-१०’ नोटीस आली: बँकेत ४९ लाख २० हजार जमा, विवरणपत्रांत उलाढाल मात्र ४० लाख.

उत्तर ‘एएसएमटी-११’ मध्ये, जास्तीत जास्त ३० दिवसांत द्यायचं. ‘कर बुडवलेला नाही’ एवढ्यावर भागत नाही. सोबत ताळमेळाचा तक्ता हवा. इथे त्यात दोनच ओळी आहेत. पहिली, ग्राहकांकडून घेतलेला १८ टक्के कर, ७ लाख २० हजार. तो खात्यात येतो, उलाढालीत धरत नाहीत. नोटिशीतला बराचसा फुगवटा एवढाच! दुसरी, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले दोन लाख. पुरावा म्हणून दोघांच्या खात्यांचे उतारे.

रोख विक्री बँकेत न भरता परस्पर खर्च होत असेल, तर हा तक्ता अपुरा. रोकडवहीही जोडावी लागेल.

स्पष्टीकरण पटलं, तर अधिकारी ‘एएसएमटी-१२’ देऊन प्रकरण बंद करतात.