बटण वेळेत दाबलं, तरी ठोसा का निघत नाही?

फायटिंग गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: ‘मी बटण दाबलं होतं, गेमनं घेतलंच नाही.’ शेजारी बसलेल्याला ती हरणाऱ्याची सबब वाटते, पण बहुतेक वेळा ती अक्षरशः खरी असते. बटण दाबलेलं असतं, त्याची खबर यंत्राला पोचलेली असते आणि तरीही गेमनं ती टाकून दिलेली असते. बटण उशिरा दाबलं म्हणून असं होतं, असा खेळाडूचा समज असतो. खरं तर ते जरासं लवकर दाबलं गेलेलं असतं.

हे ‘जरासं’ म्हणजे किती, ते आधी पाहू. या प्रकारचे गेम सेकंदाला 60 फ्रेम या गतीनं चालतात. गेमच्या आतलं सगळं जग प्रत्येक फ्रेमला एक पाऊल पुढे सरकतं, त्यामुळे वेळेचं सगळ्यात लहान माप एक फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग किंवा सुमारे 16.7 मिलिसेकंद. ठोसा मारायचा तर आधी हात पुढे येण्यात काही फ्रेम जातात, मग तो लागतो, मग हात मागे घेऊन सावरण्यात आणखी काही फ्रेम जातात. ज्याला फटका बसला तो तेवढ्यात काही फ्रेम हतबल असतो. त्याला चालता येत नाही, की अडवताही येत नाही. या अवस्थेला खेळाडू हिटस्टन म्हणतात. हिटस्टन संपायच्या आत दुसरा फटका बसला तर तो कॉम्बो, नाहीतर समोरचा तो सहज अडवतो.

एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. पहिला ठोसा बसला त्या क्षणाला शून्य म्हणू. मारणारा चौदाव्या फ्रेमपर्यंत सावरतो आहे आणि पंधराव्या फ्रेमला मोकळा होतो. मार खाणारा एकोणिसाव्या फ्रेमपर्यंत हतबल आहे, विसाव्याला मोकळा. दुसरा ठोसा सुरू झाल्यापासून पाचव्या फ्रेमला लागतो. तो पंधराव्या फ्रेमला सुरू झाला तर पंधरा, सोळा, सतरा, अठरा आणि एकोणिसाव्याला बरोबर लागला. सोळाव्याला सुरू झाला तर विसाव्याला पोचणार, तोवर समोरच्यानं हात वर केलेले असतील. चौदाव्या फ्रेमला बटण दाबलं तर? मारणारा अजून सावरतोच आहे, म्हणून गेम ते बटण मोजतच नाही आणि ठोसाच निघत नाही. म्हणजे अख्ख्या कॉम्बोसाठी एकच फ्रेम उपलब्ध आहे. याला एक फ्रेमचं लिंक म्हणतात.

अशा वेळी चुकण्याचे दोन प्रकार खेळाडूला अगदी वेगळे जाणवतात. उशीर झाला तर ठोसा निघालेला दिसतो, समोरच्यानं तो अडवलेलाही दिसतो, त्यामुळे चूक कळते. लवकर दाबलं तर पडद्यावर काहीच घडत नाही, आणि ‘बटण मेलं’ असं वाटतं ते तेव्हाच. फायटिंग गेमला ‘प्रतिसाद देत नाही’ असं नाव पडतं ते बहुतांशी या दुसऱ्या प्रकारामुळे.

कॉम्बो ही चीज मुळात कुणी ठरवून आणलेलीच नव्हती. 1991 साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर 2’च्या चाचण्या चालू असताना, मोटार फोडायच्या बोनस फेरीत, निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की वेळ नेमकी साधली तर एका ठोशाला दुसरा जोडता येतो. ती वेळ साधणं इतकं अवघड आहे की कुणाला त्याचा उपयोग होणार नाही, असं त्यांना वाटलं आणि ती गोष्ट गेममध्ये तशीच राहिली. पुढे खेळाडूंनी त्यातूनच एक शास्त्र उभं केलं.

‘स्ट्रीट फायटर 4’च्या काळात हे शास्त्र फार कठोर झालं होतं. एका पात्रामागून दुसऱ्या पात्राचे उत्तम कॉम्बो एक फ्रेमच्या लिंकवर टांगलेले होते आणि लवकर दाबलेल्या बटणाला तिथं माफी नव्हती. खेळाडूंनी त्यावर पळवाट शोधली, तिचं नाव प्लिंकिंग. जोराच्या ठोशाचं बटण दाबायचं आणि बरोबर पुढच्या फ्रेमला हलक्या ठोशाचंही दाबायचं. गेम तेव्हा जोराचं बटण दुसऱ्यांदा दाबलं असं समजायचा, त्यामुळे एकाऐवजी दोन लागोपाठ फ्रेमवर नेम लागायचा. बोटांची ही कसरत शिकण्यात लोकांनी किती वेळ घालवला असेल याचा विचार केला, की मला ती खेळाडूंच्या चिकाटीइतकीच गेमच्या रचनेतल्या उणिवेचीही खूण वाटते. खेळाडूला काय करायचं आहे हे गेमला कळत होतं, फक्त ऐकून घ्यायची तयारी नव्हती.

2016च्या ‘स्ट्रीट फायटर 5’नं ती तयारी दाखवली. तिथं सगळ्यात आवळ लिंकलासुद्धा तीन फ्रेमची सवड मिळाली. हे ज्यानं साधतं त्याला इनपुट बफर म्हणतात. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर कुणी ती उघडण्याआधी आला तर त्याला घरी पाठवायचं नाही, रांगेत उभं करायचं आणि खिडकी उघडताच त्याचं काम करायचं, इतकाच त्याचा अर्थ. बटण दाबलं, पण पात्र अजून सावरतं आहे. तर गेम त्या बटणाची नोंद ठेवतो, सोबत ‘ही नोंद चार फ्रेम जिवंत राहील’ असा आकडा लिहितो आणि दर फ्रेमला तो एकनं कमी करतो. तेवढ्यात पात्र मोकळं झालं तर पहिल्याच मोकळ्या फ्रेमला ठोसा निघतो. आकडा शून्यावर आला तर नोंद पुसली जाते.

आपल्या उदाहरणात चार फ्रेमचा बफर घालून बघा. आता अकरा, बारा, तेरा, चौदा किंवा पंधरा, कुठल्याही फ्रेमला बटण दाबा, ठोसा पंधराव्यालाच सुरू होणार. बोटासाठी 17 मिलिसेकंदांची जागा 83 मिलिसेकंदांची झाली. पण समोरच्याचं हिटस्टन तेवढंच आहे, ठोशाचा वेग तोच आहे, आणि सोळाव्या फ्रेमला दाबणाऱ्याला आजही माफी नाही. बफर फक्त लवकर आलेल्याला सांभाळतो. उशिराला माफी द्यायची तर हिटस्टन वाढवावं लागेल, आणि ते वाढवलं की आधी न जुळणारे संथ, जबर फटकेही जुळायला लागतात, कधी कधी न संपणारे कॉम्बो तयार होतात. म्हणून तिथं हात घालताना सगळा तोल पुन्हा तपासावा लागतो. बफर वाढवण्यात तो धोका नसतो, त्यामुळे दुरुस्तीला सुरुवात तिथूनच करावी.

बफर घातला की काम झालं असं मात्र नाही. नवख्या गेममध्ये सर्रास सापडणारा घोटाळा हिटस्टॉपचा असतो. फटका बसल्यावर त्याचा जोर जाणवावा म्हणून दोन्ही पात्रं काही फ्रेम जागच्या जागी गोठवली जातात. समजा ती दहा फ्रेम गोठली. ठोसा लागल्याचं बघून खेळाडूनं लगेच पुढचं बटण दाबलं. पात्रं गोठलेली, पण बफरचा आकडा चालूच. चार फ्रेममध्ये तो संपला आणि पात्रं हलायला लागली तेव्हा नोंद शिल्लक नव्हती. गंमत अशी, की जितका जोरदार फटका तितकी गोठण्याची वेळ लांब, आणि तितकं बटण हरवण्याची शक्यता जास्त. उपाय साधा आहे: पात्रं गोठली की बफरचा आकडाही गोठवायचा.

दुसरा घोटाळा बफरपर्यंत पोचण्याआधीच होतो. युनिटीवर गेम करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तो फार दिसतो. तिथं पडदा रंगवण्याचं चक्र `Update` आणि ठरावीक गतीनं चालणारं चक्र `FixedUpdate` अशी दोन वेगळी चक्रं असतात. `Input.GetButtonDown` ही आज्ञा बटण दाबल्याचं फक्त एका `Update`पुरतं सांगते. पडदा सेकंदाला 144 वेळा रंगतो आहे आणि ठरावीक चक्र 60 वेळा फिरतं आहे, अशा वेळी ही आज्ञा `FixedUpdate`मध्ये वाचली तर निम्म्याहून अधिक वेळा बटण कुणाच्या कानावरच जात नाही. बटण `Update`मध्ये टिपून ठेवावं आणि `FixedUpdate`मध्ये वापरावं. वापरल्यावर नोंद लगेच पुसायची, नाहीतर एका दाबात दोन ठोसे निघतात.

मग बफर मोठाच का ठेवू नये? 2018च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये तो नऊ फ्रेमचा, म्हणजे 150 मिलिसेकंदांचा आहे, शिवाय बटण धरून ठेवलं तर नोंद जिवंत राहते. परिणाम असा, की मार खाताना घाबरून दाबलेली उडी मोकळं झाल्यावर निघते, जेव्हा खेळाडूला ती नकोशी झालेली असते. तिथल्या खेळाडूंची तक्रार बरोबर उलटी आहे: ‘मी आता काही दाबलंच नव्हतं.’ माझ्या मते ही तक्रार पहिलीपेक्षा वाईट, कारण पहिलीत गेम ऐकत नाही, दुसरीत तो खेळाडूच्या हातून हातच काढून घेतो. तीन ते पाच फ्रेमच्या आसपास बफर ठेवून जेमतेम आवश्यक तेवढाच वाढवणं शहाणपणाचं.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर ही निराळी व्याधी आहे आणि बफर तिच्यावर औषध नाही. सैल बफर असलेल्या त्याच ‘स्ट्रीट फायटर 5’मध्ये सुरुवातीला हा उशीर सुमारे आठ फ्रेमचा असल्याचं खेळाडूंनी मोजून दाखवलं होतं आणि त्यावरून बरीच ओरड झाली. मोजणी घरीही जमते. फोनच्या 240 फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये बोट आणि पडदा दोन्ही टिपायचे, बोट खाली टेकल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या आणि त्यांना चारानं भागायचं. गेमच्या फ्रेम मिळतात.

दोष नेमका कुठं आहे हे ठरवायला अंदाजाची गरज नाही. खेळाडूंनी ‘स्ट्रीट फायटर 6’च्या सरावातलं फ्रेम मीटर चालू करावं, बटण आणि सावरणं यांच्यातलं अंतर फ्रेमगणिक समोर येतं. गेम बनवणाऱ्यांनी प्रत्येक दाबलेलं बटण, त्याची फ्रेम आणि पात्र मोकळं झाल्याची फ्रेम फाइलमध्ये लिहून ठेवावी आणि चार-पाच जणांना तोच कॉम्बो खेळायला द्यावा. फसलेले दाब मोकळ्या फ्रेमच्या आधी एक ते चार फ्रेमवर गोळा झाले असतील तर बफर घाला. नंतर गोळा झाले असतील तर हिटस्टन आणि पडद्याचा उशीर तपासा. फाइलमध्ये त्या दाबांची नोंदच नसेल, तर बफरला हात लावण्याआधी बटण वाचणारा कोड दुरुस्त करा.