वर्षाला ७२ पुस्तके आणि तीन वाटा

महिन्याला सहा पुस्तके, म्हणजे वर्षाला ७२. एवढे वाचणारी माणसे कमी असली तरी दुर्मीळ नाहीत. पुण्यातल्या, ठाण्यातल्या, कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयाच्या काउंटरवर तासभर उभे राहिले, तर अशी दोन-तीन तरी भेटतात. त्यांच्याकडे वाचून झालेल्या पुस्तकांची यादी बहुधा असते. त्या पुस्तकांसाठी वर्षभरात किती पैसे गेले, याची मात्र नसते.

हा हिशेब मांडायचा, तर पुण्यातला एक मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवू. त्याच्या ७२ पुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक जुनी आहेत: गाजलेल्या कादंबऱ्या, चरित्रे, प्रवासवर्णने. वीसेक गेल्या दोन वर्षांत आलेली आणि उरलेली इंग्रजी. दोन-अडीचशे पानांचे मराठी पुस्तक सध्या साधारण अडीचशे ते साडेतीनशे रुपयांना मिळते. सरासरी ३०० धरली, तर सगळी पुस्तके विकत घेण्याचा खर्च होतो २१,६०० रुपये. सगळी पुस्तके छापील किमतीत कोणी घेत नाही. ग्रंथप्रदर्शनात, प्रकाशनपूर्व सवलतीत किंवा ओळखीच्या दुकानात सूट मिळतेच. ती सरासरी १५ टक्के धरली, की आकडा १८,३६० वर येतो.

ई-पुस्तक स्वस्त, असा सर्वसाधारण समज आहे. एकेका पुस्तकापुरता तो खराही आहे. मराठी ई-पुस्तक छापील प्रतीपेक्षा बरेच कमी किमतीत मिळते. सरासरी १८० रुपये धरायला हरकत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर ५ टक्के आहे. दुकानातल्या किमतीत तो धरलेलाच असतो. ७२ पुस्तकांचे झाले १२,९६०. पण इतके वाचणारा माणूस फोनच्या पडद्यावर फार काळ टिकत नाही. त्याला कागदासारखा दिसणारा, डोळ्यांवर प्रकाश न मारणारा वाचनपट हवा असतो. किंडल पेपरव्हाइट भारतात सुमारे १७ हजारांना मिळतो. तो पाच वर्षे चालला, तर वर्षाला ३,४०० रुपये त्याचे. बेरीज १६,३६० झाली. म्हणजे सवलतीत घेतलेल्या कागदी पुस्तकांपेक्षा वर्षाला जेमतेम दोन हजारांची बचत. शिवाय कागदी पुस्तक वाचून झाल्यावर कोणाला देता येते किंवा अप्पा बळवंत चौकात जुने म्हणून विकता येते. ई-पुस्तकाचे यातले काहीच करता येत नाही.

मग लोक ई-पुस्तकाकडे का वळतात? मुंबई-पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर जागा हेच आहे. पुस्तकाची सरासरी जाडी दोन सेंटिमीटर धरली, तर ७२ पुस्तकांना पावणेपाच फूट लांबीचा कप्पा लागतो. तीन फूट रुंद आणि पाच कप्प्यांचे कपाट सव्वातीन वर्षांत भरते. असे एक कपाट जमिनीवर तीन चौरस फूट जागा खाते. चौरस फुटाला २० हजार भाव असलेल्या भागात ती जागा झाली ६० हजारांची. वाचणारे हा आकडा कधी काढत नाहीत. घरातले बाकीचे लोक काढतात.

आता वाचनालय. मासिक वर्गणी गावागणिक, संस्थेगणिक आणि एका वेळी किती पुस्तके हवीत त्यावर बदलते. हिशेबासाठी दोन पुस्तकांची वर्गणी १५० रुपये धरू. वर्षाचे झाले १,८०० रुपये. अनामत परत मिळते, म्हणून ती खर्चात धरायची नाही. आठवड्याला एक फेरी आणि येण्या-जाण्याचे ४० रुपये धरले, तर ५० फेऱ्यांचे २,००० होतात. म्हणजे बसने किंवा दुचाकीने जाणाऱ्याचा प्रवासखर्च वर्गणीपेक्षा जास्त होतो! तरीही एकूण ३,८०० रुपये. ७२ पुस्तके वाचली, तर एक पुस्तक ५३ रुपयांना पडते. चालत जाण्याच्या अंतरावर वाचनालय असेल, तर पंचवीसला. पैशाच्या बाबतीत बाकी दोघांनी इथेच हार मानायला हवी.

ते मानत नाहीत, कारण हवे ते पुस्तक हवे तेव्हा मिळणे ही वेगळीच गोष्ट आहे.

वाचनालयात पुस्तक मिळेल की नाही, हे ओळखण्याची खूण पुस्तकातच असते. बहुतेक ठिकाणी शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि प्रत्येक देवघेवीला तिच्यावर शिक्का पडतो. चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली असेल, तर पुस्तक सतत बाहेर असते. शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा असेल, तर ते केव्हाही मिळेल. नव्या, चर्चेतल्या पुस्तकाची गंमत अशी की, वाचनालय त्याच्या बहुधा एक किंवा दोनच प्रती घेते. एक प्रत आणि १५ दिवसांची मुदत असेल, तर वर्षभरात ती कागदोपत्री २४ जणांकडे जाऊ शकते. पण पुस्तक मुदतीत परत करणारे सगळेच नसतात. कोणी गावाला जातो, कोणी विलंब-आकार भरायला तयार असतो, कोणी स्वतःचे झाल्यावर शेजारणीला देतो. मग ती संख्या १५-१६ वर घसरते, म्हणजे एकेका वाचकामागे तीन-साडेतीन आठवडे. राखीव यादीत दहावा नंबर असलेल्याने सात महिन्यांची तयारी ठेवावी. तोवर त्या पुस्तकाला एखादा पुरस्कार मिळतो आणि यादी आणखी लांबते.

जुन्या पुस्तकांचे गणित नेमके उलटे आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार-अकराशे प्रतींची असते. ती संपली आणि प्रकाशकाने पुन्हा छापली नाही, तर दुकानाचा दरवाजा बंद. ई-आवृत्ती निघालेली नसेल, तर पडद्याचाही. अशा वेळी पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर (१८५०), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांच्या मांडण्यांवरच ते पुस्तक उरलेले असते, कधी नव्या बांधणीत, कधी पिवळ्या पडलेल्या पानांत. चाळीस वर्षांपूर्वीची एखादी कादंबरी शोधणाऱ्याला दुसरा ठिकाणा म्हणजे फ्लोरा फाउंटनजवळचा पदपथ किंवा रद्दीवाला; आणि तिथे यादी घेऊन जाण्यात अर्थ नसतो.

लहान गावात चित्र वेगळे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयांचे मोठे जाळे उभे राहिले. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरते. ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाची खरेदी मर्यादितच असते. अनुदानाच्या आणि वार्षिक खरेदीच्या चक्रातून जावे लागत असल्याने नवे पुस्तक तिथे उशिरा पोहोचते. तिथला झपाट्याने वाचणारा सभासद दोन-तीन वर्षांत कपाटाच्या तळाशी येतो. त्याच्यासाठी स्वस्ताईचा हिशेब तिथेच संपतो.

ई-पुस्तकाची उपलब्धता दिसते त्यापेक्षा फसवी आहे. किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे डिसेंबर २०१६ पासून आहेत. मेहता पब्लिशिंग हाऊससारख्या प्रकाशकांनी ई-आवृत्त्या काढल्या आहेत, बुकगंगाचे स्वतंत्र दुकान आहे. पण मराठीतले बरेचसे जुने साहित्य अजून या रूपात आलेलेच नाही, आणि जे आहे ते ज्या दुकानातून घेतले त्याच्याच ॲपमध्ये उघडते. यादीतली निम्मी पुस्तके एकीकडे आणि चौथा हिस्सा दुसरीकडे, अशी विभागणी झाली की वाचनपटाची गुंतवणूक निम्मी वाया जाते. म्हणून १७ हजार मोजण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या यादीतली २० नावे दुकानात शोधून पाहावीत. १२ पेक्षा कमी सापडली, तर तो पट मराठी वाचनासाठी घेऊ नये.

महिन्याला १६९ रुपयांचे किंडल अनलिमिटेड पहिल्यांदा ऐकताना फार आकर्षक वाटते: वर्षाला २,०२८ रुपयांत हवे तेवढे वाचा. त्यात मराठी पुस्तके आहेत. पण लेखकांनी स्वतः प्रसिद्ध केलेली पुष्कळ, आणि नामवंत प्रकाशकांची नवी कमी. वर्गणी थांबली की पुस्तकेही जातात. हे खरे तर वाचनालयच आहे, फक्त इथे पुस्तक निवडून देणारा ग्रंथपाल नाही.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचेही तेच होऊ शकते. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि त्याच वर्षी जुलैत ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तके उघडायची थांबली. पैसे परत मिळाले. वाचताना समासात नोंदी केलेल्यांना त्यासाठी २५ डॉलरची वेगळी भरपाई मिळाली, नोंदी नाही. ग्राहकाने विकत घेतला होता तो वाचण्याचा परवाना.

तरी काही वाचकांसाठी ई-पुस्तक हाच एकमेव रास्त पर्याय आहे. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाने ३०० रुपयांचे पुस्तक मागवले, तर टपालखर्चच पुस्तकाच्या कैक पट होतो. परदेशातल्या मंडळांसाठी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पेट्या दुबईपर्यंत पोहोचल्या आहेत, पण प्रत्येक शहरात अशी पेटी नसते. म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षर मोठे करून मिळते, हाही छोटा फायदा नव्हे.

आणि काही पुस्तकांना पैसेच लागत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी भारतात स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. हरिभाऊ आपटे आणि गडकरी तर त्याच्या किती तरी आधीपासून. मराठी विकिस्रोतावर असे बरेच लेखन आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनेही त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. पीडीएफ असल्याने ती फोनवर वाचायला कंटाळवाणी, टॅबवर ठीक.

तेव्हा आपल्या पुण्याच्या वाचकाने यादी वाटून घ्यावी. जुनी ४५ पुस्तके वाचनालयातून: ३,८०० रुपये. ज्यांची रांग लांब आहे आणि जी लगेच हवीत, अशी नवी दहा पुस्तके सवलतीत विकत: २,५५०. इंग्रजी आणि इतर बारा ई-पुस्तके, घरात आधीच असलेल्या टॅबवर, सरासरी २०० रुपयांनी: २,४००. हक्कमुक्त पाच पुस्तके फुकट. एकूण ८,७५० रुपये, म्हणजे सगळी विकत घेण्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि कपाटात वर्षाला फक्त दहाच पुस्तकांची भर.

महिन्याला एखादेच पुस्तक वाचणाऱ्याला हा खटाटोप परवडणार नाही. त्याने सरळ दुकानात जावे. वर्षाला १२ पुस्तकांचे सवलतीत ३,०६० रुपये होतात, म्हणजे बसने वाचनालयात जाण्यापेक्षा कमी.