प्रत्येक गाडीचं वेगळं खातं

जुन्या गाड्यांच्या यार्डात एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या तीन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, असं समजा. गिऱ्हाइकाला त्या सारख्याच दिसतात. डीलरला मात्र पहिलीचं डेंटिंग-पेंटिंग आठवतं, दुसरीचे नवे टायर आठवतात आणि तिसरी घेताना भाव जरा जास्तच दिला गेला, हेही आठवतं. त्याची ही आठवण वहीत जशीच्या तशी उतरवण्याची रीत म्हणजे 'स्पेसिफिक आयडेंटिफिकेशन'. ज्या गाडीवर जेवढा खर्च झाला, तेवढाच तिच्या नावावर लिहायचा.

पहिली गाडी ३ लाख १० हजारांना घेतली आणि दुरुस्तीला ४० हजार लागले. म्हणजे ती ३ लाख ५० हजारांना पडली. दुसरी सगळं धरून ४ लाखांना पडली. तिसरी ४ लाख ४२ हजारांना घेतली, वर ८ हजारांचं काम झालं, म्हणजे ४ लाख ५० हजार. तिन्हींची सरासरी ४ लाख.

आता पहिली गाडी ३ लाख ९० हजारांना विकली. तिच्या स्वतःच्या खर्चावर हिशेब केला तर ४० हजारांचा नफा झाला. सरासरी धरली तर त्याच सौद्यात १० हजारांचा तोटा दिसतो! ज्या विक्रेत्याने चांगला सौदा केला, त्यालाच मालकाची बोलणी खावी लागतील. तिन्ही गाड्या विकल्या गेल्या की दोन्ही रीतींनी एकूण नफा सारखाच येतो, हे खरं. पण ३१ मार्चला दोन गाड्या यार्डातच असतील, तर त्यांची किंमत खऱ्या खर्चाने साडेआठ लाख आणि सरासरीने आठ लाख भरते. त्या वर्षीच्या नफ्यात थेट ५० हजारांचा फरक पडतो.

म्हणूनच भारतातलं लेखा मानक २ सांगतं, की ज्या वस्तू एकमेकींच्या जागी सहसा चालत नाहीत, त्यांचा खर्च वस्तुनिहायच धरावा. शिल्लक माल खर्च आणि विक्रीतून निव्वळ हाती येणारी रक्कम यांपैकी जी कमी, त्या किमतीला दाखवायचा असतो. तिसऱ्या गाडीतून ४ लाख ३० हजारच सुटणार असतील, तर २० हजारांचा तोटा वर्षअखेरीलाच लिहावा लागतो. सरासरीने तिची किंमत ४ लाख लिहिलेली असेल, तर हा तोटा डोळ्यांना दिसतच नाही.

जीएसटीतही गाडी स्वतंत्र मोजली जाते. खाजगी माणसाकडून घेतलेली आणि इनपुट क्रेडिट न घेतलेली गाडी नोंदणीकृत डीलरने विकली, की कर फक्त विक्री आणि खरेदी किमतीतल्या फरकावर लागतो. १६ जानेवारी २०२५ पासून अशा सर्व जुन्या गाड्यांना हा दर १८ टक्के आहे. पहिल्या गाडीचा फरक ८० हजार, म्हणून कर १४,४००. इथे दुरुस्तीचे ४० हजार वजा होत नाहीत, त्यामुळे वहीतला नफा आणि कराचा फरक यांची गल्लत करून चालत नाही. तिसरी गाडी ४ लाख ३० हजारांना गेली तर फरक उणे, म्हणून कर शून्य. पण तो उणे आकडा पहिल्या गाडीच्या फरकातून वळता करता येत नाही.

या पद्धतीत घोळ होतो तो बहुधा गॅरेजच्या बिलांत. बॅटरी एका गाडीला बसते आणि बिलावर गाडीचा नंबर नसल्याने खर्च दुसरीच्या नावावर पडतो. एकूण बेरीज बरोबर येते, म्हणून चूक लपून राहते. एका गाडीत अवाच्या सवा नफा आणि तिच्याच जोडीच्या गाडीत कारण नसताना तोटा दिसला, की दोन्ही जॉब कार्डं काढून बघावीत. चॅसिस नंबर लिहिल्याशिवाय बिल चढवायचं नाही, एवढी शिस्त पाळली तरी बराच घोळ टळतो.

सराफाच्या पेढीवर मात्र हीच पद्धत सरसकट लावता येत नाही. हिऱ्याच्या अंगठीला ती हवीच, कारण तसाच दुसरा खडा मिळत नाही. पण दहा ग्रॅमची एकसारखी दोन नाणी घ्या, एक ६० हजारांना घेतलेलं, दुसरं ७५ हजारांना. ८० हजारांना त्यातलं कुठलंही दिलं तरी गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, पण मालक कुठलं नाणं 'विकलं' म्हणतो त्यावर नफा २० हजार किंवा ५ हजार होतो. नफा असा मर्जीने हलवता येऊ नये, म्हणून अदलाबदल होणाऱ्या मालाला 'आधी आलं ते आधी गेलं' किंवा भारित सरासरी या पद्धती आहेत. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी इथे मदतीला येत नाही. तो हॉलमार्कची ओळख पटवतो, खरेदीचा भाव सांगत नाही. त्यासाठी पेढीचा स्वतःचा टॅग लागतो.

गिऱ्हाइकाची जुनी अंगठी मोडीत आली, की हे दोन्ही हिशेब एकाच टेबलावर होतात. खडा काढून, वजन करून वेगळ्या पुडीत जातो आणि पुडीवर त्याची स्वतःची किंमत लिहिली जाते. सोनं मात्र इतर मोडीबरोबर मुशीत वितळतं, आणि त्याला सरासरीचा भाव लागतो.