शनिवारी फोटो, रविवारी स्क्रिप्ट

कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरले गेले. ऑनलाइन गिऱ्हाईक मात्र मानांकनाआधी फोटो बघतं. छोट्या दुकानात चाळीस नमुने आणि प्रत्येकाचे तीन फोटो म्हटले, तरी एकशेवीस फोटो होतात. ते एकेक करून कापायचे, पांढरे करायचे आणि सारख्या मापाचे करायचे म्हणजे दोन-तीन रात्री गेल्याच. हेच काम संगणकावर एका ओळीत होतं, आणि ती ओळ शिकवायला शनिवार-रविवार पुरतात. कोल्हापुरातल्या चप्पल दुकानदारांसाठी आखलेली ही कार्यशाळा आहे.

या ओळीमागे इमेजमॅजिक हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. ड्यूपाँट या रसायन कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांनी तो लिहायला घेतला 1987 साली, तेही फक्त 256 रंग दाखवणाऱ्या पडद्यावर लाखो रंगांची चित्रं नीट दिसावीत म्हणून. 1990 साली तो सर्वांसाठी खुला झाला. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. आज्ञा टाइप करायची, की फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंवर तो ती चालवतो.

शनिवारी संगणक उघडायचाच नाही. खिडकीशी टेबल, त्यावर भिंतीपासून खाली वळवून आणलेला पांढरा कार्डशीट, आणि दुकानातली ट्यूब बंद. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड मिसळला की हिरडा-बाभळीत कमावलेल्या कातड्याचा मूळ रंग एका अंगाला निळसर, दुसऱ्या अंगाला पिवळट दिसतो, आणि हा दोष कुठलीच स्क्रिप्ट धड काढू शकत नाही. मोबाइलमधले फोटो नंतर केबलने संगणकात घ्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होऊन येतो.

रविवारी सकाळी एकच फोटो हाती घ्यायचा. समजा, कापशी चपलेचा. कागद डोळ्यांना पांढरा वाटतो, पण संगणकाला काय वाटतं ते विचारू:

```
magick KP-07.jpg -crop 1x1+20+20 txt:-
```

कोपऱ्यातल्या एका ठिपक्याचे आकडे येतात: 226, 225, 224. शुद्ध पांढरा म्हणजे तिन्ही 255. म्हणजे आपला कागद राखाडी आहे. सर्वांत लहान आकडा 224, तो 255च्या 87 टक्क्यांहून किंचित जास्त. म्हणून 87 टक्क्यांच्या वरचं सगळं पांढरं कर, असं सांगायचं. ही सगळी कामं एका बॅच फाइलमध्ये अशी बसतात:

```
mkdir tayar
magick mogrify -path tayar -auto-orient -level 0%%,87%% -fuzz 5%% -trim +repage -resize 850x850 -background white -gravity center -extent 1000x1000 -strip -quality 85 *.jpg
```

आडवा पडलेला फोटो सरळ होतो, कागद पांढरा होतो, चपलेभोवतीची रिकामी जागा कापली जाते. कापल्यावर 2600 बाय 1500 ठिपके उरले असतील, तर त्याचे 850 बाय 490 होतात आणि भोवती पांढरी जागा भरून 1000चा चौकोन बनतो. 850 उगाच नाही: अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोत वस्तूने 85 टक्के चौकट भरलेली लागते, आणि पार्श्वभूमी शुद्ध पांढरी. `-strip` मुळे फोटोत लपलेला, तो कुठे काढला याचा पत्ताही निघून जातो. `-path tayar` विसरलात तर मात्र मूळ फोटोच बदलतात. म्हणून काम नेहमी प्रतींवर.

टक्क्याचं चिन्ह दोनदा का? हीच आज्ञा हाताने टाइप करताना ते एकदाच द्यायचं. पण बॅच फाइल एकेरी चिन्ह स्वतःसाठी ठेवून घेते आणि मधला मजकूर गिळते. कुठलीही चूक न दाखवता काम पूर्ण होतं, पण फोटो राखाडीच राहतात. हे मुद्दाम बिघडवून दाखवावं.

दुपारचा वेळ बिघडलेल्या फोटोंना. तयार चौकोनात चप्पल बारकी दिसली, तर मूळ फोटोच्या कडेला शोधा: गोंड्याचा सुटलेला धागा किंवा कातड्याचा कण सापडतो. प्रोग्रामला तोही मालच वाटतो, म्हणून त्याच्या आत तो कापत नाही. कागद झटका, फोटो पुन्हा काढा.

दुसरा बिघाड अवघड. कागदाबरोबर चप्पलही उजळते. 150 असलेला रंग 172 होतो. गडद तेलपाजल्या जोडाला हे चालून जातं. फिक्या कातड्याच्या कानांवरची नक्षी मात्र, जिथे उजेड थेट पडतो तिथे, पांढऱ्यात विरून जाते. कोपऱ्याचा आकडा 180 आला, म्हणजे 70 टक्क्यांवर ओढावं लागणार असेल, तर स्क्रिप्टच्या नादी लागू नये. चपलेच्या दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करून उजेड वाढवावा. फिके आणि गडद जोड दोन फोल्डरांत ठेवून प्रत्येकाला वेगळा आकडा द्यावा, आणि जोडाची छटा पडद्यावर न ठरवता प्रत्यक्ष चप्पल शेजारी ठेवूनच ताडून बघावी.