पिन लावली आहे, पण चार्जिंग होत नाही

लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर माउस नेला की कधी कधी एक विचित्र वाक्य दिसतं: Plugged in, not charging. पिन जोडलेली आहे, पण बॅटरी भरत नाही. बहुतेक जण इथेच ठरवून टाकतात की बॅटरी गेली, आणि दुकानाची वाट धरतात. पण हे वाक्य नीट वाचलं, तर अर्धं निदान त्यातच आहे. अ‍ॅडॅप्टर पूर्ण बंद पडला असता किंवा भिंतीतल्या सॉकेटला वीजच नसती, तर लॅपटॉपने पिन जोडल्याचं ओळखलंच नसतं. म्हणजे वीज आत पोहोचते आहे. ती बॅटरीत घालायची नाही, असं आतल्या कोणीतरी ठरवलं आहे.

हे ठरवणारी एक छोटी चिप मदरबोर्डवर असते. तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. विंडोज सुरू असो वा नसो, ती जागी असते आणि तिचा स्वतःचा प्रोग्रॅम चालू असतो. पिन लावली की ती तीन गोष्टी पाहते: हा अ‍ॅडॅप्टर माझा आहे का आणि त्याची ताकद पुरेशी आहे का, बॅटरी चार्ज घ्यायला तयार आहे का, आणि मालकाने चार्जिंगवर काही मर्यादा घातली आहे का. यांपैकी एकाही ठिकाणी अडलं तरी स्क्रीनवर तेच वाक्य येतं. म्हणून वाक्यावरून दोषी सापडत नाही. तो सापडतो आकड्यावरून, म्हणजे चार्जिंग नेमक्या किती टक्क्यांवर थांबलं यावरून.

एक उदाहरण धरू. नाशिकच्या एका कॉलेजकन्येने एका कंपनीच्या ऑफिसमधून निघालेला जुना लॅपटॉप घेतला. विकणाऱ्याने विंडोज नव्याने टाकून दिलं होतं. लॅपटॉप छान चालतो, पण बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. कधी ७८ टक्क्यांवर पिन लावली, तर तो ७८ वरच बसून राहतो. दुरुस्तीवाला म्हणतो, सेल गेले, नवी बॅटरी टाका.

तिने करायची परीक्षा सोपी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. पिन काढायची, लॅपटॉप बॅटरीवर वापरत ५० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा आणि पुन्हा पिन लावायची. आता चार्जिंग सुरू झालं, आकडा चढत गेला आणि बरोबर ८० वर थांबला, तर एका फटक्यात दोन गोष्टी सिद्ध होतात. अ‍ॅडॅप्टर चांगला आहे, नाहीतर ५० पासून ८० पर्यंत भरलंच नसतं. बॅटरीही चार्ज घेते आहे. उरतं ते तिसरं कारण: कुणीतरी ८० ची मर्यादा घालून ठेवली आहे. ७८ चं कोडंही सुटतं. अशा मर्यादेला अनेकदा दोन टोकं असतात, उदाहरणार्थ ७५ च्या खाली गेल्यावरच सुरू करायचं आणि ८० ला थांबायचं. त्या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पिन लावली, तर लॅपटॉप भिंतीच्या विजेवर चालतो आणि बॅटरीला हात लावत नाही.

ऑफिसात ही मर्यादा मुद्दाम घातली जाते. तिथे लॅपटॉप दिवसभर टेबलावर पिनेला जोडलेला असतो. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचा दाब साधारण ४.२ व्होल्टपर्यंत जातो. सेल तासन्‌तास त्या दाबावर आणि उबेत राहिला, तर आतली रसायनं हळूहळू बिघडतात आणि सेलची साठवण कमी होत जाते. ८० टक्क्यांवर थांबवलं तर दाब थोडा खाली राहतो आणि बॅटरी जास्त वर्षं टिकते. कल्पना चांगली आहे, म्हणूनच जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्या ती देतात. लेनोव्होच्या Lenovo Vantage मध्ये ती Conservation Mode नावाने सापडते. काही मॉडेलांत ती ८० ला, तर काहींत ६० च्या आसपास थांबते. आसूसमध्ये MyASUS उघडून पाहायचं. डेलमध्ये BIOS मधल्या बॅटरीच्या पानावर Primarily AC Use किंवा Custom असा पर्याय निवडलेला असतो. एचपीच्या ऑफिस मॉडेलांत Battery Health Manager शोधायचं.

आता नाशिकच्या मुलीचा प्रश्न: विंडोज नवं टाकलं, मग जुनी सेटिंग राहिली कशी? कारण ती सेटिंग विंडोजच्या डिस्कवर नव्हतीच. ती फर्मवेअरमध्ये, त्या छोट्या चिपच्या हुकमात असते. डिस्क कितीही वेळा पुसा, ती तिथेच राहते. जुन्या ऑफिस लॅपटॉपच्या बाबतीत ही गोष्ट न कळल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या कचऱ्यात जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. BIOS मध्ये जाऊन पर्याय Standard वर आणला की पुढच्या वेळी आकडा १०० पर्यंत जातो. तो आणायचाच का, हे ज्याने त्याने ठरवावं. दिवसभर टेबलावर काम असेल तर ८० च बरं. गावाकडे दुपारी दोन-तीन तास वीज जात असेल, तर तेवढे वीस टक्के हातात हवेतच.

आता तोच लॅपटॉप वेगळ्या आकड्यावर अडलेला पाहू. मर्यादा काढून टाकली आहे, पण काही महिन्यांनी चार्जिंग ३४ टक्क्यांवर थांबलं. दुसऱ्या दिवशी २१ वर. जिथे पिन लावली तिथेच आकडा गोठतो. असा कुठेही अडकणारा आकडा मर्यादेचा नसतो. इथे पहिला संशय अ‍ॅडॅप्टरवर घ्यावा, कारण तो तपासणं स्वस्त आहे.

डेल आणि एचपीच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून बॅटरी भरत नाही. ती फक्त लॅपटॉपला सांगते, मी अमुक वॅटचा अ‍ॅडॅप्टर आहे. लेनोव्होच्या चपट्या आयताकृती पिनेतही ओळख पटवण्यासाठी वेगळी तार असते. वायर पिनेजवळ सारखी वाकली की ही नाजूक तार तुटते, पण जाड तारा शाबूत राहतात. मग लॅपटॉपला १९.५ व्होल्ट मिळत राहतात, पण ते कुणाकडून आले हे कळत नाही. अनोळखी अ‍ॅडॅप्टरवर भार टाकायला कंट्रोलर धजत नाही. तो बॅटरीचं चार्जिंग थांबवतो आणि पुष्कळदा प्रोसेसरचा वेगही उतरवतो. त्यामुळे चार्जिंग थांबलं त्याच दिवसापासून लॅपटॉप रडतखडत चालत असेल, तर हे लक्षण जवळजवळ अ‍ॅडॅप्टरचंच आहे. डेलमध्ये सुरू होतानाच अ‍ॅडॅप्टर ओळखता आला नाही असा इशारा येतो. BIOS मध्ये अ‍ॅडॅप्टरपुढे 65 W असं लिहिलेलं दिसण्याऐवजी Unknown दिसतं. पिन हळूच फिरवून पाहिल्यावर चार्जिंग मधूनच सुरू होत असेल, तर खात्रीच झाली. नकली अ‍ॅडॅप्टरमध्येही हा घोटाळा होतो: व्होल्ट आणि पिन जुळते, पण ओळख सांगणारा भाग नसतो किंवा चुकीचा असतो.

टाइप-सी लॅपटॉपमध्ये सुई नसते, तिथे अ‍ॅडॅप्टर आणि लॅपटॉप आपसात बोलून व्होल्ट ठरवतात. ६५ वॅटचा अ‍ॅडॅप्टर २० व्होल्ट देतो. मोबाइलचा १८ वॅटचा चार्जर बहुधा ९ व्होल्टवरच थांबतो. त्यावर लॅपटॉप पिन जोडल्याचं दाखवेल, पण काम करताना आकडा स्थिर राहील किंवा खालीही जाईल. ओळखायची खूण अशी: लॅपटॉप पूर्ण बंद करून तासभर ठेवा. बंद असताना बॅटरी भरते आणि चालू असताना भरत नाही, म्हणजे ताकद कमी पडते आहे. केबलही पाहावी. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतच नेते. तिच्या टोकाला १०० वॅटचा अ‍ॅडॅप्टर लावला तरी उपयोग नाही.

दुसऱ्याच्या त्याच मॉडेलच्या अस्सल अ‍ॅडॅप्टरवरही आकडा तिथेच गोठला, तर बॅटरीकडे वळायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे लिहायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडून फक्त दोन आकडे पाहा. DESIGN CAPACITY म्हणजे नवी असतानाची साठवण, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची. समजा पहिला ४२,००० आणि दुसरा ३५,००० आहे, तर बॅटरीत अजून ८३ टक्के जीव आहे. वापरलेल्या बॅटरीसाठी हे उत्तम. दुसरा १५,००० असेल, तर तिचे दिवस भरले. लॅपटॉप ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल, तर एखादा सेल बाकीच्यांच्या मागे पडला आहे. बॅटरीच्या आतही एक सुरक्षा चिप असते. सेलमधला फरक धोक्याचा वाटला, तर ती चार्ज घेणं कायमचं बंद करू शकते. अशी बॅटरी अहवालात शून्य किंवा अशक्य आकडे दाखवते किंवा दिसेनाशी होते.

बॅटरी चांगली असूनही नकार देण्याचं एक कारण उष्णता आहे. साधारण ४५ ते ५० अंशांच्या पुढे सेल गेले की चार्जिंग थांबवलं जातं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीच तापलेली असते, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बंद होते. दुपारी चार्जिंग होत नाही आणि रात्री आपोआप होतं, असं असेल तर बॅटरी बदलू नका, जागा बदला. मात्र टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. पिन काढा, लॅपटॉप बंद करा, ती दाबू किंवा टोचू नका आणि जाणकाराकडून काढून घ्या. तिथे पुढची कोणतीही परीक्षा करायची नाही.

क्वचित तो कंट्रोलरच जुन्या समजुतीत अडकून बसतो. लॅपटॉप बंद करून, पिन काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की बहुतेक मॉडेलांत तो नव्याने सुरू होतो. काही थिंकपॅडच्या तळाशी यासाठी टाचणी जाईल एवढं भोक असतं. एवढं करूनही अस्सल अ‍ॅडॅप्टर ओळखला जातो, मर्यादा नाही, नवी बॅटरी टाकली तरी आकडा हलत नाही, असं राहिलं, तर बिघाड मदरबोर्डवरच्या चार्जिंग सर्किटमध्ये आहे. त्यासाठी मल्टिमीटर आणि सोल्डरिंग जाणणारा माणूस हवा. त्याच्याकडे जाताना आधी केलेल्या परीक्षा कोणत्या क्रमाने केल्या आणि काय दिसलं, ते कागदावर लिहून न्या. तो पुन्हा बॅटरीपासून सुरुवात करणार नाही.