उरलेल्या गोळ्या

एआरटी केंद्रात औषध घ्यायला येणारा प्रत्येकजण मागच्या महिन्याची बाटली सोबत आणतो. नर्स ती उघडते आणि उरलेल्या गोळ्या मोजते. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या शुश्रूषेत या साध्या मोजणीतून जेवढं कळतं, तेवढं क्वचितच दुसऱ्या कशातून कळत असेल.

एक उदाहरण घेऊ. खेड्यात सासूसोबत राहणारी, चौतिशीतली एक बाई. नवरा मुंबईत कामाला आहे; त्यालाही संसर्ग आहे आणि तो तिकडेच उपचार घेतो. सासूला यातलं काही ठाऊक नाही. बाईची रोजची एकच गोळी आहे. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं एकत्र असतात. २००४पासून भारतात सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळतात, त्यामुळे इथे पैशांची अडचण नाही. तिला ३० गोळ्या दिल्या होत्या. २८ दिवसांनी ती आली तेव्हा बाटलीत २ उरायला हव्या होत्या, निघाल्या ८. म्हणजे २८ पैकी २२ घेतल्या, सुमारे ७९ टक्के. अपेक्षा ९५ टक्क्यांच्या वरची असते. रक्तातल्या विषाणूंची मोजणी, म्हणजे व्हायरल लोड, एका मिलिलिटरमागे १००० च्या आत हवा होता. तो ४२०० आला होता.

इथे नर्सनं रागावून विचारलं, तर पुढच्या वेळी बाई उरलेल्या गोळ्या वाटेत फेकून देईल आणि मोजणी बरोबर येईल. म्हणून प्रश्न वेगळा हवा. "ताई, घरात माणसं असली की गोळी घेणं अवघड जातं का?"

"सिस्टर, बाटली वाजते हो," बाई सांगते. "सासूबाई विचारतात, कसल्या गोळ्या? पाहुणे आले की डब्यातून काढताच येत नाही."

बाटली तांदळाच्या डब्यात दडवलेली. गोळी पहाटे सगळे उठायच्या आधी, रिकाम्या पोटी घ्यायची. रक्त कमी म्हणून आरोग्य केंद्रातून मिळालेली लोहाची गोळीही त्याच घोटात, कारण लपून घ्यायची तर एकदाच घेतलेली बरी. खरा घोळ इथे आहे. रिकाम्या पोटी लोह सोबत गेलं की ते डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच धरून ठेवतं आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. कॅल्शियमच्या आणि पित्ताच्या काही गोळ्यांचंही असंच होतं. म्हणजे घेतलेल्या २२ गोळ्यांचाही पुरता उपयोग झालेला नाही. विसरभोळेपणा किंवा हयगय याचा इथे संबंध नाही. कलंकाची भीती थेट औषधाच्या परिणामापर्यंत पोचली आहे.

उपाय बाईसोबत बसून ठरवायचे असतात. एचआयव्हीची गोळी पहाटेच राहू द्यावी आणि लोहाची दुपारच्या जेवणानंतर घ्यावी. दोन्हींत एवढं अंतर पुरतं. बाटलीत थोडा कापूस घातला की ती वाजत नाही. दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. केंद्रानं फोन कोणत्या नंबरवर आणि कोणत्या वेळी करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, हेही तिलाच विचारून लिहून ठेवायचं.

मग एक दिवस सासूच गाठते: "बाई, आमच्या सुनेला झालंय तरी काय?" खोटं बोलायची गरज नाही. "मावशी, तिच्या तब्येतीचं तिलाच विचारा. तुमचं बीपी कधी तपासलंय?" एवढं पुरे. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीवाचून ही माहिती घरच्यांना देता येत नाही. उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टर-नर्सला उपचारापुरती देता येते. वॉर्डबॉयला किंवा शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला नाही.

मला सर्वात जास्त खटकतं ते वॉर्डात दिसतं. केसपेपरवर लाल अक्षरांत शेरा, कोपऱ्यातली वेगळी खाट, नाडी बघायलाही हातमोजे. हे पाहून आख्ख्या वॉर्डाला निदान कळतं, एक शब्दही न बोलता. कातडीला हात लावल्यानं एचआयव्ही पसरत नाही. हातमोजे रक्ताशी संबंध येतो तिथे हवेत आणि ते प्रत्येक रुग्णासाठी हवेत, कारण तपासणी न झालेल्या माणसाचं रक्त पाहून काही ओळखता येत नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. सुई टोचलीच, तर जागा साबण-पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरांना गाठायचं; प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पुढे ते २८ दिवस चालतं. एवढी वाट ठाऊक असलेल्या नर्सला भीतीपोटी रुग्णाला दूर बसवावं लागत नाही.

आपल्या उदाहरणातल्या बाईचं समुपदेशन आता दर महिन्याला होईल आणि तीन महिने गोळ्या नीट गेल्यावर व्हायरल लोड पुन्हा तपासला जाईल. तो १००० च्या खाली आला, तर हीच गोळी पुढे चालू राहील. गोळ्यांचा हिशेब चोख असूनही आकडा वरच राहिला, तर विषाणू औषधाला दाद देत नसल्याची शंका घेऊन डॉक्टर औषधं बदलायचा विचार करतील.